शेकडा एक

डिसेंबरातली सहल होती. आमच्या शाळेची, एसटीची बस करून, शिर्डी-नाशिक-त्र्यंबक अशी ठरलेली. मी गेले नव्हते कारण अम्माचं गुडघ्याचं दुखणं तेव्हाच उफाळलं होतं, आणि खरं सांगायचं तर चाळीस पोरं आणि उलट्यांच्या पिशव्या यांच्यासोबत तीन दिवस काढायची माझी फारशी इच्छाही नव्हती. मी रोज सोलापुरातून दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावी एसटीने जाते, आठवीला गणित शिकवते, संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एका पोराच्या वडिलांच्या नंबरवरून धडाधड फोटो यायला लागले, म्हटलं आता पंचवटीतले सेल्फी बघा. तर ते सगळे एका भिंतीचे. काळी-करडी भिंत, त्यावर खाजवल्यासारख्या खुणा, आणि खाली मेसेज, "बाई हे गणित हाय का ओ, ह्यात प्लस हाय."

ती भिंत पांडवलेण्यातली. नाशिकच्या दक्षिणेला डोंगर आहे, त्यात चोवीस लेणी आहेत बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली, पांडवांचा संबंध फक्त नावापुरता. पोरं ज्या लेण्यात होती ते दहा नंबरचं, आणि खुणा व्हरांड्याच्या भिंतीवर वरच्या अंगाला. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पांडवांनी वनवासात लिहिलंय, दुसऱ्या कुणीतरी सांगितलं खजिन्याचा पत्ता आहे. दुसरं म्हणणं, नंतर कळलं, अगदीच चूक नव्हतं.

एकूण सदतीस फोटो आले आणि त्यातले छत्तीस बाद. कारण सगळ्यांनी फ्लॅश मारून समोरून काढलेले. दगडात कोरलेलं अक्षर हे शाईचं नसतं, त्याला रंग नसतो, ते दिसतं ते फक्त खाचेत पडलेल्या सावलीमुळे, आणि समोरून झगझगीत उजेड मारला की सावलीच मरते, मग उरतो नुसता खडबडीत दगड. एक फोटो मात्र एका पोरीने काढलेला, तिच्या मैत्रिणीने दुसऱ्या मोबाईलची टॉर्च एका बाजूने भिंतीला जवळजवळ चिकटून धरली होती, का तर म्हणे पाल दिसली होती. त्या पालीचे उपकार. तिरप्या उजेडात प्रत्येक खाचेची एक कड काळी आणि एक कड उजळ झाली होती आणि पाच-सहा ओळी अशा उठून दिसत होत्या की बस्स. त्यातही एक गंमत, तो फोटो थोडा वेळ बघत राहिलं की डोळा फसतो, खाच आत गेलेली न दिसता बाहेर आलेली दिसायला लागते, आणि मग दगडाची साधी भेगसुद्धा अक्षराची रेघ वाटते. मी फोटो उलटा करून, अंधार-उजेड बदलून, दोन्हीकडून बघायची आणि जी रेघ दोन्ही वेळा टिकेल तीच वहीत उतरवायची. हे मला कुणी शिकवलं नाही, दोन रात्री चुकीच्या भेगा उतरवून झाल्यावर आपोआप सुचलं.

आता प्लसचं. नेटवरून ब्राह्मी लिपीचा तक्ता काढला, वर्गात भिंतीवर चिकटवला. ब्राह्मीत अधिकचं चिन्ह म्हणजे क. पोरांचा हिरमोड झाला. नुसतं वर्तुळ म्हणजे ठ, वर्तुळात टिंब म्हणजे थ, उलटा टी म्हणजे न, वर्तुळाच्या डोक्यावर काडी म्हणजे व. आठवीची पोरं दोन दिवसांत ब्राह्मीत एकमेकांना शिव्या लिहायला लागली, हे मी पाहिलं नाही असं दाखवलं. पण आमचा तक्ता होता अशोकाच्या काळचा, आणि भिंतीवरची अक्षरं त्याला नीट बसेनात, डोक्याला जाडसर टोकं, क आणि र च्या उभ्या काडीला पायापाशी वळण. मी आधी समजले की कोरणाऱ्याचा हात वाईट. मग लक्षात आलं की अशोक आणि ही भिंत यात तीनेकशे वर्षांचं अंतर आहे, माझ्या आजोबांच्या हातचं मोडीसुद्धा मला वाचता येत नाही आणि त्याला शंभर वर्षं नाही झाली. तेव्हा तक्ता बदलला, पश्चिमी क्षत्रपांच्या काळच्या अक्षरांचा शोधून काढला, आणि मग ओळी बोलायला लागल्या.

म्हणजे लगेच नाही हं. जोडाक्षरं मला शेवटपर्यंत जमली नाहीत आणि एक अख्खी ओळ मी अशी वाचली होती की तिचा अर्थ 'हत्तीला ताप आला' असा काहीतरी होत होता. पण मधेमधे शब्द उठायचे आणि ते शब्द वाचून मी चाटच पडायचे. लेण. लेणं म्हणजे लेणंच, एकोणीसशे वर्षांपूर्वीही लेणंच. जामातरा, म्हणजे जावई, हा कुणाचा तरी जावई आहे बघा म्हटल्यावर वर्ग हसला. काहापण, हे दोनदा-तीनदा, म्हणजे कार्षापण, त्या काळचं चांदीचं नाणं. आणि एका ठिकाणी सहस्रानि, त्यापुढे एकच अक्षर, बे. बे! मी मोठ्याने म्हणाले, बे एके बे. दिल्लीकडचा माणूस दो म्हणतो, माझी अम्मा रेंडू म्हणते, आणि ही भिंत बे म्हणतेय. प्राकृत भाषेतला लेख आहे हो, मध्ये मध्ये संस्कृतची फोडणी, पण आकडे बघाल तर आपल्या पाढ्याच्या पाटीवरचे. वीसाय, बारसक, अठ. मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो एरवी पाढे म्हणायच्या वेळी पाणी प्यायला जातो, तो म्हणाला "बाई ह्ये आपल्यासारखंच बोलतंय की."

शब्दांच्या लगेच पुढे काही खुणा होत्या ज्या तक्त्यात कुठल्याच अक्षराला बसत नव्हत्या. तीन जागी जवळपास सारखीच खूण, एक आकडीसारखं चिन्ह. एका जागी ते नुसतंच. दुसऱ्या जागी त्याला उजवीकडे एक आडवी रेघ चिकटलेली. तिसऱ्या जागी दोन रेघा. हे आकडे आहेत हे उघड होतं, कारण एका खुणेआधी सहस्रानि आहे. आता लेखाच्या सुरुवातीला वसे म्हणजे वर्षे असं लिहून वर्षाचा आकडा आहे, तिथे चाळीसचं चिन्ह आणि त्यापुढे दोन आडव्या रेघा, म्हणजे ४२. एक रेघ एक, दोन रेघा दोन, तीन रेघा तीन, इतकं सोपं. त्यामुळे आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, बेधडक ठरवलं की आकडी म्हणजे हजार, एक रेघ असली तर एक हजार, दोन असल्या तर दोन हजार. फळ्यावर लिहूनही टाकलं.

मग प्रश्न आला की बिनरेघेची आकडी म्हणजे किती? शून्य हजार? त्या काळच्या या आकड्यांत शून्य नाहीच आणि एकक-दशकाची जागाही नाही, दहाला वेगळं चिन्ह, वीसला वेगळं, शंभरला वेगळं, हजाराला वेगळं. एका पोरीने सुचवलं "अर्धा हजार असंल." मी म्हटलं असेल. दोन दिवस आमच्याकडे ते पाचशे होतं.

तिसऱ्या दिवशी दोन रेघांच्या आकडीआधीचा शब्द सुटला. सहस्रानि त्रीनि. त्रीनि म्हणजे तीन! आणि बे या शब्दापुढची आकडी बघितली तर तिला एकच रेघ. म्हणजे दोन रेघा असलेली तीन हजार आणि एक रेघ असलेली दोन हजार. मी फळ्यापुढे खडू घेऊन उभी, आणि तो पाणीवाला पोरगा म्हणाला, "बाई, नुसती आकडी म्हंजेच हजार की. मग रेघ म्हंजे अजून एक." बरोबर. आकडी स्वतःच एक हजार, तिला एक रेघ जोडली की अजून हजार, दोन जोडल्या की अजून दोन. शंभरच्या चिन्हाचंही तसंच आहे, एक रेघ लावली की दोनशे, दोन लावल्या की तीनशे. चारपासून पुढे मात्र रेघा मोजत बसत नाहीत, तिथे हजाराच्या आकडीला थेट त्या आकड्याचं चिन्ह चिकटवतात, आणि खालच्या ओळीत आम्हाला तसं एक सापडलंही, अठ या शब्दापुढे, आठ चिकटवलेली आकडी, ८०००. काय ते आठ हजार, तर नाळिगेर, नारळाची झाडं. चिखलपद्र नावाच्या गावात. चिखल कळायला आम्हाला कुठलाही तक्ता लागला नाही.

बेरीजही बसली. एकूण तीन हजार काहापण, त्यातले दोन हजार एकीकडे आणि एक हजार दुसरीकडे. आमच्या आधीच्या फळ्यावर हेच २००० = १००० + ५०० असं लिहिलेलं होतं आणि गणिताच्या बाईंच्या वर्गात ते दोन दिवस तसंच राहिलं, याची मला अजून लाज वाटते.

दोन हजार कुणाकडे ठेवले, तर कोलिकनिकाये. यावर वर्गात दंगा. दोन पोरं कोळी समाजाची, ती उभीच राहिली, "बाई आमच्यातले!" मीही तेच धरून चालले, गोदावरीचा काठ आहे, मासे धरणारे असणारच. पण मग पुढे चिवरिक हा शब्द येतो, चीवर म्हणजे भिक्षूचं वस्त्र, त्याच्या खर्चाची रक्कम. वस्त्राच्या पैशाशी मासेमाराचा काय संबंध? म्हणून संस्कृत कोश उघडला तर कौलिक म्हणजे विणकर. निकाय म्हणजे त्यांची संघटना, त्या काळी श्रेणी म्हणायचे, लेखातच आहे, गोवर्धन इथल्या श्रेणींकडे पैसे गुंतवले म्हणून. गोवर्धन नावाचं गाव नाशिकजवळ आजही आहे. आवाजावरून शब्द ओळखला की असं होतं, शेजारचे शब्द काय म्हणतात ते बघेपर्यंत वहीत पक्कं लिहू नये.

विणकर हे कळल्यावर मी मात्र जरा गप्पच झाले. आमचं घर पद्मशाली, सोलापूरच्या पूर्व भागातलं. वडील आयुष्यभर मागावर. लहानपणी मला झोप लागायची ती खटखटीच्या आवाजात आणि रविवारी माग बंद असला की जाग यायची. घरात पैसा कधी साठलेला नव्हता, सणाला कारखानदाराकडून उचल, आजारपणात सावकार. आणि इथे भिंतीवर लिहिलंय की एका राजाच्या जावयाने तीन हजार चांदीची नाणी विणकरांकडे ठेव म्हणून ठेवली. विणकरांना कर्ज दिलं असं नाही, विणकरांच्या दोन संघटनांकडे ठेव, आपण बँकेत ठेवतो तशी. मुद्दल कधीच परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं, कायमस्वरूपी. लेखात शब्द आहे अक्षयनिवी, न संपणारी ठेव.

आता व्याज किती? इथे मी जी माती खाल्ली ती सविस्तर सांगते.

दोन हजारांपुढे लिहिलंय वृधि पडिकशत. आणि दुसऱ्या विणकर संघटनेकडच्या एक हजारांपुढे वधि पायूनपडिकशत. वधि म्हणजे वाढ, व्याज. पडिक म्हणजे एक नाणं, एक काहापण. शत म्हणजे शंभर. शंभरला एक. म्हणजे एक टक्का. दोन हजारांचा एक टक्का वीस. आणि पुढच्याच ओळीत वीसाय, वीस! मी इतकी खूश झाले की तासाला जाताना चहा सांडला. फळ्यावर लिहिलं, व्याज वर्षाला २० काहापण, भिंतीवरही वीस, उत्तर जुळलं. गणितात उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळलं की पोरं रीत तपासत नाहीत, मी त्यांना त्यावरून रोज बोलते, आणि मी नेमकं तेच केलं.

कारण त्या ओळीत वीस एकटं नव्हतं. भिखुनं वीसाय एकीकस चिवरिक बारसक. वीस भिक्षूंना, एकेकाला, चीवराचे बारा. म्हणजे वीस हे भिक्षू आहेत, काहापण नाहीत. आणि प्रत्येकाला वस्त्रासाठी बारा काहापण. हे त्यांचे जे पावसाळ्यात या लेण्यात राहतील. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. मी व्याज काढलेलं वीस. दोनशे चाळीस द्यायचेत आणि हातात येतात वीस.

शाळेच्या शिपाईमामांनी, जे आमच्यातले सगळ्यात जुने, त्यांनी दुसरी वाट काढली. पायून म्हणजे पाऊण हे त्यांनीच ओळखलं, त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी सगळं अजून तोंडपाठ आहे, आजच्या पोरांना त्यातलं एक येत नाही आणि मलाही पाऊणकी धड येत नाही. मामा म्हणाले, पाऊण शत म्हणजे पाऊणशे, पंचाहत्तर. मग दोन हजारांवर शंभर व्याज आणि एक हजारावर पाऊणशे. ऐकायला बरोबर वाटतं. पण मग शंभरात वीस भिक्षूंना प्रत्येकी पाचच येतात, बारा नाही. बारा कुठेच बसेना. त्यात मधला पडिक शब्द मामांनी गिळून टाकलेला, पाऊण आहे ते पडिकाचं, शंभराचं नाही. पाऊण नाणं, शंभराला. इथपर्यंत मी आले होते, आणि अडले.

रात्री स्वयंपाकघरात अम्मा बसली होती पाय लांब करून. तिने चाळीस वर्षं विड्या वळल्या, आता वळत नाही पण हाताला चाळा लागतो म्हणून शेंगा फोडत बसते, आणि मोजते, पंचवीस झाले की वेगळा ढीग, बंडल बांधायची सवय जात नाही. मी वही घेऊन तिच्याजवळच होते. काय करतीस म्हणाली. म्हटलं एका माणसाने मागवाल्यांकडे दोन हजार ठेवले, शेकडा एक व्याजाने, आणि ते वीस लोकांना बारा-बारा द्यायला पुरत नाहीत.

अम्मा म्हणाली, पुरतात की.

म्हटलं कसे, शंभराला एक म्हणजे दोन हजारांना वीस.

"महिन्याला वीस," अम्मा म्हणाली. "वड्डी नेलकी असतंय. नूटिकी वकटी म्हंजे महिन्याचं. वर्साचं कोण बोलतंय?"

आमच्या घरात अशीच भाषा आहे, अर्धी तेलुगू अर्धी सोलापुरी, नेल म्हणजे महिना, नूटिकी म्हणजे शंभराला. आणि मी बसले तिथेच बसून राहिले. कारण हे मला माहीत होतं! लहानपणी घरात हेच ऐकलंय, शेकडा दोनने आणले, शेकडा तीनने आणले, आणि ते नेहमी महिन्याचंच असायचं, वर्षाचा हिशेब फक्त बँकेत आणि माझ्या आठवीच्या पुस्तकात असतो. द.सा.द.शे., दर साल दर शेकडा. मी रोज शिकवते त्या चार अक्षरांनी माझं घरातलं शिक्षण पुसून टाकलेलं.

दोन हजारांना महिन्याला वीस. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, दोनशे चाळीस. वर एक नाही, खाली एक नाही. म्हणजे देणाऱ्याने आधी बसून हिशेब केला असणार, किती भिक्षू, एकाला किती, मग मुद्दल किती ठेवावं लागेल, आणि दोन हजार हा आकडा तिथून आला. लेखात महिना हा शब्द व्याजाला जोडून कुठेही लिहिलेला नाही, लिहायची गरज कुणाला वाटली नाही, जसं अम्माला वाटली नाही. तो अर्थ पक्का होतो तो फक्त या बेरजेने.

आणि अजून एक. मी अम्माला विचारलं व्याजाला काय म्हणालीस परत म्हण. वड्डी. भिंतीवर वधि. मराठीतही जुने लोक वाढीदिढी म्हणायचेच. मी तिला मोबाईलवर ते अक्षर दाखवलं, वर्तुळावर काडी म्हणजे व, तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळा पुसून रीत परत मांडली आणि दुसऱ्या रकमेचं पोरांवर सोडलं. एक हजार, शंभराला पाऊण, महिन्याला. मामांना मुद्दाम बोलावलं पाऊणकी म्हणायला, पाऊण एके पाऊण, पाऊण दुणे दीड, पाऊण त्रिक सव्वादोन, आणि पाऊण दाहे साडेसात. महिन्याला साडेसात, वर्षाला नव्वद. हे नव्वद कशासाठी तर कुशनमूल, आणि या शब्दाचा नेमका अर्थ काय यावर जाणकारांचं अजून एकमत नाही, भिक्षूंच्या किरकोळ खर्चासाठी असं बहुतेक धरतात. इथे दोनशे चाळीससारखी ताळा करायला दुसरी बाजूच दिलेली नाही, किती जणांना, किती किती, काही नाही. त्यामुळे नव्वदचा हिशेब बरोबर असला तरी तो कुणाच्या ताटात गेला ते आम्हाला गणिताने काढता आलं नाही. पोरांना हे अजिबात आवडलं नाही.

एवढं झाल्यावर मी छापील वाचन शोधलं. आधी शोधलं असतं तर तीन आठवडे वाचले असते, पण मी मुद्दाम थांबले होते. हे सगळं कधीच वाचून झालेलं आहे हे मला ठाऊक होतं, भगवानलाल इंद्रजींनी नाशिकच्या लेखांचं वाचन केलं ते १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये आहे, आणि नंतर एमिल सेनार या फ्रेंच पंडिताचं वाचन एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडात. देणारा उषवदात, दीनीकाचा मुलगा, क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. आमचे आकडे सगळे जुळले, ३०००, २०००, १०००, ८०००. शब्दांत मात्र आमच्या अकरा चुका निघाल्या, पोरांनी मोजल्या, मी नाही. हत्तीला ताप आलेली ओळ खरं तर अशी होती की हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि फलकावर नोंदवलं. म्हणजे गावच्या सभेत वाचून दाखवलं आणि रजिस्टरला चढवलं. भिंतीवर कोरलेलं ही त्याची कायमची प्रत. आमचे हेडसर म्हणाले म्हणजे ठराव आणि नक्कल, आणि सहीची जागा शोधायला लागले.

नहपानाचं पुढे काय झालं तेही पोरांना सांगितलं. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवलं, आणि त्याची चांदीची नाणी गोळा करून त्यांवर स्वतःचा छाप मारला, १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांच्या वर, त्यातल्या बहुतेकांवर हा छाप. मग त्या पाणीवाल्या पोराने विचारलं, राजाच बदलला तर विणकरांनी व्याज देणं चालू ठेवलं का? मी म्हटलं माहीत नाही. तो म्हणाला, "मी तर नसतं दिलं."

घरी येऊन अम्माला सगळं सांगितलं. तिला राजात रस नव्हता. तिने विचारलं ते दुसरे मागवाले पाऊणनेच का घेतले, पहिल्यांना एक आणि दुसऱ्यांना पाऊण का? लेखात कारण नाही. अम्माचं मत असं की दुसऱ्यांची पत मोठी असणार, ज्याची पत मोठी त्याला व्याज कमी, ज्याला गरज त्याला जास्त, हे काय विचारायची गोष्ट आहे. असेलही. मग शेंगांचा ढीग सरकवत म्हणाली, वीस जणांना कापडाचे पैसे दिले, पण मग ते कापड घेतलं कुणाकडून?

मी म्हटलं तिथल्याच मागवाल्यांकडून घेतलं असेल.

"म्हंजे पैसे फिरून तिथंच," अम्मा म्हणाली, आणि परत मोजायला लागली, एकवीस, बावीस, तेवीस.